हॅश टेबल शिकवायला रोल नंबरचं उदाहरण घ्यावं का?

मृद्गंध

एसई कॉम्प्युटरच्या मुलांना डेटा स्ट्रक्चर्स शिकवते. हॅशिंग आलं की आपल्याकडे सगळेच वर्गातल्या रोल नंबरचं उदाहरण घेतात, मीही घेते. फळ्यावर ० ते ९ असे दहा खण, शेवटचा अंक हा पत्ता. २३ गेला खण ३ मध्ये, ३३ आला की झालं कोलिजन. मुलं माना डोलावतात आणि वहीत चौकट काढून घेतात.

या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, वर्गात साठच जण आहेत. साठचा ॲरे घ्या, रोल नंबर हाच इंडेक्स. कोलिजन येणारच नाही, मग हे सगळं कशाला?"

तिचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. १ ते ६० सलग नंबर असतील तर हॅशिंगची गरजच नाही. म्हणजे आपण मुलांना आधी नसलेला प्रश्न देतो आणि मग त्याचं उत्तर पाठ करायला लावतो. ज्यात कोलिजन खरोखर टोचेल असं रोल नंबरचंच उदाहरण कुणी वापरलंय का? की हे उदाहरण सोडूनच द्यावं?

दुसरी अडचण डिलीटची. ॲडमिशन रद्द झालेल्या मुलाचा खण दर वर्षी निम्मा वर्ग सरळ रिकामा करतो. का करू नये ते सांगितलं तरी पुढच्या प्रॅक्टिकलला पुन्हा तेच.

बाणेर_बस_स्टॉप

हॅशिंग म्हणजे पासवर्डचं ना? आमच्या ऑफिसात बीक्रिप्ट वापरतात. तिथे कोलिजन अजिबात चालत नाही.

मृद्गंध

@बाणेर_बस_स्टॉप, ते वेगळं. तिथे हॅशवरून मूळ शब्द काढता येऊ नये हा हेतू असतो आणि काम मुद्दाम सावकाश करतात. इथे वस्तू कुठे ठेवली ते झटकन कळायला हवं. कोलिजन येणार हे गृहीतच धरलेलं असतं.

तर्कट

मॅडम, दहा खण घेतल्यामुळे हा गोंधळ होतो. टेबलचा आकार नेहमी प्राइम घ्यावा, कोलिजनचा प्रश्न जवळपास मिटतो. ११ घेऊन बघा.

कुंदा_कर्वेनगर

मी शिक्षिका नाही, एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. तुम्ही १ ते ६० म्हणता, पण आमच्याकडे रोल नंबर असे नसतातच. पहिला आकडा वर्षाचा, दुसरा डिव्हिजनचा, शेवटचे दोन मुलाचे. एसई ए म्हणजे २१०१ पासून २१६०, बी म्हणजे २२०१ पासून २२६०. मधले नंबर मोकळेच. त्यातून कुणी डिव्हिजन बदलली की जुना नंबर रद्द आणि नवा शेवटी जोडायचा. आमच्या एक्सेलमध्ये हे रद्द नंबर पिवळे करून ठेवतो, ओळ उडवत नाही. उडवली की खालच्या सगळ्या यादीचा हिशेब चुकतो.

जुनाजाणता

कुंदाताईंनी मॅडमचं उदाहरण आयतं दिलंय. हेच घ्या, फक्त दोन्ही डिव्हिजन एकत्र घ्या.

मुलं १२०, नंबर २१०१ ते २१६० आणि २२०१ ते २२६०. रोल नंबरलाच इंडेक्स करायचं तर २२६१ खणांचा ॲरे लागेल आणि त्यातले दोन हजारांहून जास्त खण कायम रिकामे राहतील. त्या मुलीच्या प्रश्नाला इथे पहिलं उत्तर मिळतं. आता १५० खणांचं टेबल घ्या, पत्ता `k % 150`, आणि कोलिजन झालं की पुढचा रिकामा खण. साधं लिनिअर प्रोबिंग.

२१०० ला १५० ने पूर्ण भाग जातो, म्हणून ए डिव्हिजन खण १ ते ६० मध्ये ओळीने बसते. बी डिव्हिजन १०१ पासून सुरू होते. २२४९ खण १४९ मध्ये, २२५० खण ० मध्ये. इथपर्यंत ११० मुलं आली आणि एकही कोलिजन नाही. प्रोग्राम लिहिणारा खूश.

मग २२५१ येतो. त्याचा पत्ता १. तिथे २१०१ बसलाय. खण २ भरलेला, ३ भरलेला, असं करत ६० पर्यंत सगळे भरलेले. त्याला जागा मिळते ६१ मध्ये. म्हणजे त्याला शोधताना दर वेळी ६१ तुलना. २२५२ चा पत्ता २, त्याला ६२ मिळतो, त्याच्याही ६१ तुलना. बीच्या शेवटच्या दहाही जणांचं हेच होतं.

एकूण तुलना ११० अधिक ६१०, म्हणजे ७२०. भागिले १२०, सरासरी ६. टेबल ८० टक्के भरलेलं आहे. इतक्या भरलेल्या टेबलात नंबर नीट विखुरलेले असते, तर लिनिअर प्रोबिंगमध्ये सापडणाऱ्या नंबरला सरासरी ३ च्या आसपास तुलना लागल्या असत्या. क्नुथने १९६३ मध्ये काढलेलं सूत्र आहे, `(1 + 1/(1-a))/2`, त्यात a = 0.8 घालून बघा. आपल्याला दुप्पट लागल्या आणि त्यातला सगळा भार दहा मुलांवर पडला.

माझं सांगणं एवढंच की सरासरी छापू नका, प्रत्येक नंबरच्या तुलना छापायला लावा. एक, एक, एक अशी लांब रांग आणि मग अचानक एकसष्ट, एकसष्ट. तो कागद हातात आला की कोलिजनबद्दल वेगळं सांगावं लागत नाही.

तर्कट

१५० प्राइम नाही म्हणून असं झालं. १५१ घ्या, सुटेल.

एसई_बी_५३

काका, मी बी डिव्हिजनचाच आहे, रोल नंबर २२५३, म्हणजे त्या दहातला 😄 आत्ता रूमवर प्रोग्राम चालवून बघितला.

१५० ला तुम्ही म्हणता तेच येतं, ७२०. मग १५१ केलं. एकूण ६६० आले, सरासरी साडेपाच. ६१ तुलनावाले दहाचे नऊ झाले, बस. मी अजूनही त्यातच आहे. फक्त २२५१ सुटला.

प्राइम घेऊनही असं का?

जुनाजाणता

शाब्बास, हे करून बघितलंस ते उत्तम.

१५१ ला २१०१ चा पत्ता १३८ येतो. ए डिव्हिजन १३८ ते १५० आणि मग ० ते ४६ अशी बसते. बी ८७ पासून सुरू होते आणि २२५२ ला १३८ वर जाऊन धडकते. धडकण्याची जागा सरकली, पण भिंत तेवढीच लांब राहिली. रोल नंबर सलग असतात. सलग नंबरांना कोणत्याही संख्येने भाग दिला तरी बाक्या सलगच येतात, प्राइम असो वा नसो. म्हणून साठ भरलेल्या खणांची एकसंध भिंत तयार होणारच. तिच्या सुरुवातीला जो आदळेल तो टोकापर्यंत चालत जाणार.

तर्कट यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. समजा फक्त २१०१, २१११, २१२१ असे दहा-दहाच्या अंतराने नंबर आहेत. १५० ला १० ने भाग जातो, म्हणून ते नंबर फिरून फिरून त्याच १५ खणांत पडतील, बाकी १३५ खणांना कुणी विचारणार नाही. तिथे १५१ घेतलं की ते सगळ्या टेबलावर पसरतात. नंबरांमधलं अंतर आणि टेबलचा आकार यांना सामाईक भाजक असेल, तेव्हा प्राइमचा उपयोग. इथला आजार तो नाही.

तर्कट

मान्य, या नंबरांपुरतं. पण वर्गात शिकवताना मी तरी प्राइमच सांगेन. मुलांना पुढे कुठले नंबर भेटतील ते आपल्याला माहीत नसतं.

हिंजवडी_फेज_दोन

जावामध्ये हॅशमॅपला हेच १२० नंबर दिले तर काय होतं ते कागदावर काढलं. टेबल १६ पासून सुरू होतं, तीन-चतुर्थांशाच्या वर गेलं की दुप्पट. १२८ चं टेबल ९६ पर्यंत चालतं, म्हणून १२० नंबरांना २५६ खण मिळतात. पूर्णांकाचा हॅश म्हणजे तो आकडाच. ए येते ५३ ते ११२, बी १५३ ते २१२. कोलिजन शून्य!

एसई_बी_५३

म्हणजे जावावाल्यांना हा चॅप्टरच नाही? 😀

हिंजवडी_फेज_दोन

आहे, आहे. सी डिव्हिजन येऊ दे, २३०१ ते २३६०. १८० नंबरांनाही २५६ चंच टेबल पुरतं, कारण मर्यादा १९२. २३०१ चा पत्ता २५३. तिथून सी गोल फिरून ५६ पर्यंत येते आणि शेवटचे चार जण एच्या पहिल्या चौघांवर पडतात. पण तिथे प्रत्येक खणाला साखळी असते, म्हणून त्या चौघांना दोन-दोन तुलना पुरतात. भिंतीच्या टोकापर्यंत चालत जायची वेळच येत नाही.

मॅडम, म्हणूनच मी तरी चेनिंग आधी शिकवेन. त्याच १५० खणांत काकांचे दहा जण चेनिंगने टाकले तर प्रत्येकी २ तुलना, एकूण १३०. कुठे ७२० आणि कुठे १३०.

जुनाजाणता

बरोबर. पण चेनिंग आधी शिकवलं की मुलांना वाटतं प्रश्न संपला, आणि प्रोबिंग ती नुसतं परीक्षेपुरतं करतात. आधी भिंत दिसू दे, मग साखळीची किंमत कळते. शिवाय साखळीतला प्रत्येक नोड मेमरीत कुठेतरी भलतीकडे असतो. प्रोबिंगमध्ये शेजारचा खण शेजारीच असतो, आणि थोडंच भरलेलं टेबल असेल तर ते चांगलं पळतं. यावर तुमचं माझं एकमत होणार नाही.

चिंतामणी_नगर

मी हे वर्गात उभं करून घेतो. दहा खुर्च्या, ० ते ९. मुलांना या क्रमाने बोलावतो: २३, ४७, ३३, ५४, ६३, १७. शेवटचा अंक म्हणजे खुर्ची, भरलेली असेल तर पुढची.

२३ खुर्ची ३ वर, ४७ सातवर, ३३ ला तीन मिळत नाही म्हणून चारवर. ५४ येतो आणि चिडतो, कारण चार ही त्याचीच खुर्ची आणि त्याच्या अंकाचं दुसरं कुणीच नाही, तरी त्याला पाचवर जावं लागतं. ६३ तीन, चार, पाच करत सहावर. १७ आठवर.

मग विचारतो, पुढे कुठलाही नंबर आला तर तो कुठे बसण्याची शक्यता जास्त? रिकाम्या ०, १, २ आणि ९. मुलं म्हणतात, सगळ्यांना सारखीच. मग मोजायला लावतो. शेवटचा अंक ३, ४, ५, ६, ७, ८ किंवा ९ असेल तर तो माणूस नऊवरच जाणार. म्हणजे दहापैकी सात वाटे नऊला, बाकी तिघींना एकेक. घोळका मोठा होतो तसा तो आणखी भराभर मोठा होतो. हे खुर्चीवर बसून ज्याने अनुभवलं तो विसरत नाही.

मृद्गंध

@चिंतामणी_नगर, ५४ चं चिडणं मी नक्की वापरणार. आणि डिलीट? ३३ ने ॲडमिशन रद्द केली तर?

चिंतामणी_नगर

३३ ला वर्गाबाहेर पाठवतो आणि सांगतो, आता ६३ ला शोधा. शोधणारी मुलगी तीनवर जाते, २३ आहे, चारवर जाते, रिकामी. नियम असा की रिकामी खुर्ची दिसली की थांबायचं. ती म्हणते "६३ वर्गात नाही." आणि ६३ सहावर बसून हात हलवतोय. ५४ चंही तेच, त्याच्या तर पहिल्याच खुर्चीवर उत्तर "नाही".

एसई_बी_५३

मग खालच्या सगळ्यांना एकेक खुर्ची वर सरकवलं तर? आम्ही प्रॅक्टिकलला असंच केलं होतं.

जुनाजाणता

निम्मं बरोबर. सरकवून बघ. ५४ चारवर, त्याची हक्काची जागा, छान. ६३ पाचवर, छान. आता ४७ ला सहावर आणलंस तर? ४७ ला शोधणारा सातपासून सुरुवात करतो, सहाकडे बघतच नाही. तो हरवला.

म्हणून सरकवताना प्रत्येकाला विचारायचं, ही मोकळी जागा तुझ्या मूळ खणाच्या आधी पडते का? पडत असेल तर त्याला हलवायचं नाही, पण पुढचे तपासत राहायचं. इथे ४७ आणि १७ दोघांचा मूळ खण सात, म्हणून दोघं जागेवरच. नऊ रिकामी, तिथे थांबायचं. सहावी खुर्ची खरोखर रिकामी राहते आणि सगळे सापडतात. टेबल गोल असतं, त्यामुळे नऊवरून शून्यावर जाताना हे "आधी" नीट जपावं लागतं. मुलांचा कोड बहुतेक तिथेच फसतो.

सोपा मार्ग कुंदाताईंनी वर सांगितलाच आहे. ओळ उडवायची नाही, पिवळी करायची.

कुंदा_कर्वेनगर

अरे वा, आमच्या पिवळ्या ओळी कामाला आल्या तर!

जुनाजाणता

अगदी त्याच आल्या. रिकाम्या खणाला -१ आणि रद्द खणाला -२ ठेवा. मग शोध असा:

```cpp
int find(int k) {
    int i = k % M;
    for (int c = 1; c <= M; c++) {
        if (t[i] == -1) return -1;
        if (t[i] == k) return i;
        i = (i + 1) % M;
    }
    return -1;
}
```

-२ साठी वेगळी ओळ लागतच नाही. तो रिकामाही नाही आणि हवा तो नंबरही नाही, म्हणून शोध आपोआप पुढे जातो.

टाकताना मात्र एक गोष्ट सांभाळा. रद्द खण दिसला की मुलं लगेच त्यात नवा नंबर बसवतात. ३३ गेल्यावर कुणी ६३ पुन्हा टाकायला आला, तर चारवर रद्द खण दिसला म्हणून तिथेच बसवला जातो. आता ६३ चारवरही आहे आणि सहावरही. एकदा डिलीट केला की दुसरा भुतासारखा उरतो. म्हणून चार लक्षात ठेवायचा, पण खरा रिकामा खण येईपर्यंत पुढे शोधत जायचं. ६३ नाहीच हे नक्की झालं की मग परत येऊन चारवर बसवायचं.

दुसरं म्हणजे, वर्षभर नंबर येत-जात राहिले तर शेवटी एकही -१ उरत नाही. मग नसलेला नंबर शोधताना अख्खं टेबल पालथं घालावं लागतं. अशा वेळी चालू नंबर नव्या टेबलात पुन्हा भरून घ्यायचे.

पाषाण_टेकडी

विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये टेलिफोन बुकचं प्रॅक्टिकल आहे ना? दोन कोलिजन पद्धती घ्या आणि तुलना मोजा, असं. तिथे बहुतेक मुलं दहा-बारा मनाचे नंबर टाकतात आणि दोन्ही पद्धतींना जवळपास सारखंच उत्तर येतं. मग व्हायवाला विचारलं की फरक का पडला नाही, तर गप्प. हे १२० रोल नंबर त्याच प्रोग्रामला दिले तर तुलना करण्यासारखं काहीतरी निघेल.

जाता जाता, चेनिंग विथ रिप्लेसमेंट अजून कशासाठी शिकवतात हे मला कळलेलं नाही. बाहेर कुठे वापरलेलं बघितलं नाही.

मृद्गंध

त्याची बाजू घ्यावीशी वाटते, कारण खुर्च्यांच्या उदाहरणात ५४ ला न्याय तिथेच मिळतो. ५४ आला तेव्हा चारवर ३३ बसलाय. ३३ चं घर तीन, म्हणजे तो पाहुणा. त्याला उठवून पाचवर पाठवायचं आणि ५४ ला स्वतःच्या खुर्चीवर बसवायचं. २३ कडे चिठ्ठी, "माझ्या नंतरचा पाचवर". ६३ आला की ३३ कडे चिठ्ठी, "पुढचा सहावर". सहाही जणांना शोधायला साध्या प्रोबिंगमध्ये १२ तुलना लागत होत्या, इथे १० लागतात. ५४ ची एक वाचली आणि ६३ ची एक, कारण तो आता ५४ ला न विचारता जातो.

पाषाण_टेकडी

दोन तुलनांसाठी प्रत्येक खणात एक जादा आकडा आणि उठवाउठवीचा एवढा कोड? मला तरी महाग वाटतं.

एसई_बी_५३

मॅडम, मग यात डिलीट कसं? ३३ गेला तर इथेही पिवळं करायचं?

मृद्गंध

नाही, इथे लागत नाही. आपण खुर्च्या ओळीने बघत नाही, चिठ्ठीवरून जातो. ३३ पाचवर होता. २३ ची चिठ्ठी पाचऐवजी सहा करायची आणि पाच खरोखर रिकामी करायची. ६३ ला शोध: तीन, मग सहा, सापडला. ५४ ला तर काही फरकच नाही.

२३ स्वतः गेला तर काय करशील ते सोमवारी प्रॅक्टिकलला करून दाखव. घर रिकामं ठेवलंस तर ३३ आणि ६३ कडे जायचा रस्ताच बंद होतो.

एसई_बी_५३

३३ ला उचलून तीनवर बसवायचं, चिठ्ठी सहाचीच ठेवायची आणि पाच मोकळी करायची?

मृद्गंध

हो. आता हेच कोडमध्ये. आणि येताना १२० नंबरांची फाइल आणि प्रत्येकाच्या तुलनांचा प्रिंटआउट घेऊन ये, वर्गात सगळ्यांना दाखवू.